भाजीची थैली दर आठवड्याची, स्वयंपाकाचा बेत महिन्याचा

आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या गावात शेतकऱ्यांचा एक गट दर बुधवारी संध्याकाळी घरोघरी भाजीची थैली पोचवतो. महिन्याचे पैसे आधी द्यायचे आणि शेतात जे निघेल ते घ्यायचं. थैली साधारण सहा किलोची असते, पण आत काय असेल ते आणणाऱ्या पोरालाही सकाळपर्यंत माहीत नसतं. अशा थैलीवर महिनाभराचा स्वयंपाक कसा बसवायचा, ते इथे सांगते. हिशेब पाच माणसांचा आहे: सासूबाई, आम्ही दोघं, शाळेत जाणारी दोन मुलं. उदाहरणासाठी महिना घेतला आहे नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचा. या दिवसांत भाजी भरपूर येते, आणि एखाद्या आठवड्यात ढग आले की अचानक आटतेही.

बहुतेक जणी कागद घेऊन बसतात आणि सोमवारी भेंडी, मंगळवारी मेथी असं लिहून टाकतात. थैलीच्या बाबतीत हा कागद पहिल्याच बुधवारी निकामी होतो, कारण भेंडी येतच नाही. भाजीचं नाव लिहायचंच नाही. कोणत्या वेळेला कशा प्रकारची भाजी लागते एवढंच लिहायचं, आणि नाव थैली उघडल्यावर भरायचं.

महिना लागण्याआधी: किती वेळांना भाजी लागते ते मोजा

आठवड्यात दोन वेळचं जेवण धरलं तर चौदा वेळा होतात. सहा किलोची थैली चौदा वेळांना पुरत नाही, आणि पुरवायला जाऊही नये. आमच्याकडे सकाळी डबे असतात, म्हणून सकाळच्या सातही वेळा कोरडी भाजी लागते. संध्याकाळच्या सात वेळांपैकी चार वेळा भाजी डाळीत, बेसनात किंवा रश्श्यात जाते. उरलेल्या तीन संध्याकाळी ताजी भाजी अजिबात नाही. त्या दिवशी झुणका, कढीगोळे, पाटवडीचा रस्सा किंवा मटकीची उसळ. या तीन संध्याकाळ आधीच ठरवून ठेवल्या की थैलीवरचा ताण एकदम उतरतो, कारण आता तिच्याकडून फक्त अकरा वेळांची अपेक्षा आहे.

आता अकरा वेळांना किती भाजी लागते? पाच जणांच्या कोरड्या भाजीला वांगी, दोडका, कोहळं अशी फळभाजी पाऊण किलो घ्यावी लागते. गवार किंवा बरबटीच्या शेंगा अर्धा किलोत भागतात. पालेभाजी मात्र फसवते. मेथीच्या दोन मोठ्या जुड्या निवडून, परतून झाल्या की कढईच्या तळाशी बसतात, त्यामुळे कोरड्या पालेभाजीला दोन जुड्यांच्या खाली जाऊ नका. तीच पालकाची एक जुडी वाटीभर तूरडाळीत घातली तर पाच जणांना पोटभर डाळभाजी होते. म्हणजे पाला थोडा आला तर डाळीत घालायचा, भरपूर आला तरच कोरडा करायचा. एवढा एक नियम पाळला तरी निम्मी ओढाताण मिटते.

या हिशेबाने सात कोरड्या भाज्यांनाच साडेचार किलोच्या आसपास माल लागतो आणि पातळ भाज्यांना आणखी दीड किलो. सहा किलो बरोबर बसतात, पण निवडताना देठ, किडकं, साल जातं ते वेगळं. म्हणून आठवड्यातली एक-दोन वेळेची तूट बाजारातल्या आलू-कांद्यावर धरूनच चालायचं.

इथे एक गोष्ट थैलीवाल्यांशी आधीच बोलून घ्या. आमचा आठवडी बाजार रविवारी असतो. थैली बुधवारी आली तर रविवार बरोबर मधे पडतो, आणि काय कमी आहे ते कळूनच बाजारात जाता येतं. थैली शनिवारी येत असेल तर दुसऱ्या दिवशीच्या बाजारात अंदाजाने खरेदी होते, आणि बुध-गुरुवारपर्यंत घरात काहीच उरत नाही. वार बदलून मिळत असेल तर बाजारापासून तीन-चार दिवस लांबचा मागून घ्या.

महिन्याच्या कागदावर आधीच ठरलेल्या गोष्टीही लिहा. उपास, पाहुणे, शेतात मजूर असतील ते दिवस. मार्गशीर्षातल्या गुरुवारी आमच्याकडे मी उपाशी असते, पण संध्याकाळी नैवेद्याचा पूर्ण स्वयंपाक होतो, त्यामुळे तो दिवस पालेभाजीसाठी सोयीचा ठरतो: बुधवारी आलेला पाला गुरुवारी ताजाच असतो.

थैली आली त्या संध्याकाळचा अर्धा तास

बेत बिघडतो तो बहुतेक इथे. थैली तशीच कोपऱ्यात ठेवली आणि सकाळी उघडली तर खालचा पाला दबून गरम झालेला असतो, आणि मग बाकीचा आठवडा कितीही नीट आखला तरी दोन भाज्या गेलेल्या असतात. आल्याबरोबर जुन्या सुती लुगड्यावर सगळं ओता. धुवू नका. ओली भाजी ठेवली की सडते, धुणं हे भाजी करायच्या वेळेचं काम आहे.

मग तीन ढीग करा. पहिला ढीग दोन-तीन दिवसांत संपवायचा: पालक, मेथी, शेपू, सांबार (म्हणजे कोथिंबीर), मुळ्याचा पाला, कांद्याची पात. दुसरा ढीग चार-सहा दिवस टिकणारा: वांगी, शेंगा, फुलकोबी, दोडका, टमाटर. तिसरा ढीग पंधरवडाभर किंवा त्याहून जास्त थांबणारा: न कापलेलं कोहळं, पत्ताकोबी, आलू, आणि पाला काढलेले गाजर-मुळे त्यातल्या त्यात लवकर. आठवड्याचा क्रम या ढिगांनी ठरतो, आवडीनिवडीने नाही. मुलांना फुलकोबी आवडते म्हणून ती बुधवारीच केली, तर शनिवारी हातात पिवळी पडलेली मेथी येते.

ठेवण्याच्या बाबतीत काही गोष्टी नेमक्या करा. मुळा आणि गाजराचा पाला लगेच कापून वेगळा करा, कारण पाला कंदातलं पाणी ओढत राहतो आणि दोन दिवसांत मुळा लिबलिबीत होतो. पाला फेकायचा नाही, तीच त्या रात्रीची भाजी. पालेभाजीच्या जुडीची दोरी सोडा, पिवळी-काळी पानं काढा, किंचित दमट सुती कपड्यात सैल गुंडाळा. फ्रिज असेल तर खालच्या कप्प्यात, नसेल तर माठाजवळच्या गार जागी. हिवाळ्यात हे दोन दिवस सहज निघतात.

वांगी फ्रिजमध्ये अगदी थंड जागी ठेवू नका. जास्त थंडीने त्यांच्या सालीवर खोलगट तपकिरी डाग पडतात आणि आतला गर काळसर होतो. भेंडी आणि काकडीचीही तीच गत. नोव्हेंबरच्या रात्री आपल्याकडे इतक्या गार असतात की वांगी टोपलीतच चांगली राहतात. टमाटर पालेभाजीजवळ ठेवू नका. पिकत असताना त्यातून एक वायू निघतो आणि त्याने शेजारचा पाला लवकर पिवळा पडतो. कांदे आणि आलू एकाच टोपलीत नकोत, आलूला लवकर कोंब फुटतात. आलू हिरवट पडला असेल तर तो भाग जाडसर कापून टाका, पूर्ण हिरवा असेल तर अख्खा फेका.

दुधी आला असेल तर कापताना बारीक तुकडा जिभेवर ठेवून बघा. कडू लागला तर थुंका आणि पूर्ण दुधी टाकून द्या, शिजवूनही तो कडूपणा जात नाही आणि पोटाला जबर त्रास होतो. दोडका आणि काकडीलाही हेच लागू. घरच्या बियाण्यावर पिकवणाऱ्या गटांच्या थैलीत असं फळ अधूनमधून निघतंच.

शेवटचं, वांगी. ज्या गटाकडे कीटकनाशक फवारत नाहीत, त्यांच्या वांग्यात फळ पोखरणारी अळी असायचीच. देठाजवळ किंवा बाजूला बारीक भोक दिसतं, कधी दिसतही नाही. किलोभर वांग्यातून पाव किलो जाईल असं धरूनच बेत करा. भरायची असतील तर चार फाकांत उघडून आत बघितल्याशिवाय मसाला भरू नका.

कोणतीही भाजी आली तरी चालणारे पाच साचे

भाजीचं नाव बदललं तरी करण्याची रीत तीच राहते, हे एकदा हातात बसलं की थैलीची भीती राहत नाही. माझे साचे पाच आहेत.

पाला आणि डाळ, हा पहिला. पालक, चवळाई, चाकवत, अंबाडी, मुळ्याचा पाला, सगळं या साच्यात बसतं. वाटीभर तूरडाळ, मूठभर शेंगदाणे, जुडीभर पाला कुकरला लावायचा, घोटायचं, वरून लसूण-लाल मिरचीची फोडणी. अंबाडी आंबट असते म्हणून तिच्यात थोड्या ज्वारीच्या कण्या आणि गुळाचा खडा घाला. बाकीच्यांना चिंच किंवा टमाटर.

पाला आणि बेसन, हा दुसरा. पातळ केलं तर आळण, कोरडं केलं तर पीठ पेरून. पाला अर्धी जुडीच उरला असेल तर आळणच करा, दोन मोठे चमचे बेसन ताकात कालवून घातलं की पाच जणांना पुरतं आणि भाकरीबरोबर चांगलं लागतं.

तिसरा साचा भरून किंवा कुटून घालायचा मसाला: भाजलेले शेंगदाणे, तीळ, थोडं जवस किंवा कारळ, सुकं खोबरं, लसूण, तिखट, मीठ. हा कूट मी महिन्याच्या सुरुवातीलाच अर्धा किलो करून बरणीत ठेवते. छोटी वांगी, ढेमसी, दोडक्याचे तुकडे, कारली, काहीही या कुटावर निघतं. बरणी असली की डब्याची भाजी वीस मिनिटांत होते.

चौथा, पाणीदार फळभाजी आणि चण्याची डाळ. दोडका, दुधी, कोहळं, पत्ताकोबी. डाळ तासभर भिजवून ठेवायची, भाजीच्या पाण्यातच ती शिजते. भाजी कमी आली असेल तर डाळ वाढवायची, प्रमाण काय ठेवायचं ते आपल्या हातात.

पाचवा भाजून किंवा जिरे-लसणाच्या फोडणीत परतून. भरीत यात आलं, शेंगा आल्या, फुलकोबी आली. याबद्दल वेगळं सांगायला नको.

एक महिना, चार थैल्या

पहिल्या थैलीत आलं: पालकाच्या दोन जुड्या, मेथीच्या दोन, मुळ्याची एक, वांगी किलोभर, गवार अर्धा किलो, टमाटर अर्धा किलो, मिरची, सांबार आणि अडीच किलोचं अख्खं कोहळं. "काकू, या खेपेला कोहळं मोठं निघालं, बाकी जरा कमी आहे," असं थैली आणणाऱ्या पोराने सांगितलं.

कोहळं मोठं म्हणजे थैलीचं जवळजवळ निम्मं वजन एकाच फळात. पहिला मोह होतो तो कापायचा. कापू नका. साल टणक असेल, देठ शाबूत असेल आणि अंगावर ठेच नसेल तर अख्खं कोहळं कोरड्या जागी महिनाभर सहज थांबतं. कापलं की तीन-चार दिवसांत संपवावं लागतं. पहिल्या आठवड्यात आलेलं कोहळं म्हणजे बँकेतली ठेव, ती मोडायची वेळ पुढे येतेच. मी त्याला पेंढ्यावर, खाटेखाली ठेवते आणि अधूनमधून उलटून खालून मऊ तर पडलं नाही ना ते बघते.

बाकीच्या मालाचा आठवडा असा लागला. बुधवारी रात्री मुळ्याचा पाला बेसन पेरून. गुरुवारी डब्याला मेथीच्या दोन्ही जुड्या मूगडाळ घालून कोरड्या, संध्याकाळी नैवेद्याला पालकाच्या एका जुडीची डाळभाजी. शुक्रवारी डब्याला अर्धी वांगी कुटावर, आणि संध्याकाळी पालकाच्या दुसऱ्या जुडीचं आळण. इथे पहिला ढीग संपला, तिसऱ्या दिवशी, बरोबर वेळेवर. शनिवारी डब्याला गवार, संध्याकाळी कढीगोळे. रविवारी मुलं घरी, डबा नाही, म्हणून सकाळी उरलेली वांगी टमाटर घालून रस्सा, संध्याकाळी झुणका-भाकर आणि मुळ्याची कोशिंबीर. रविवारच्या बाजारातून फक्त दोन किलो आलू आणि कांदे आणले, भाजी नाही. सोमवारी डब्याला आलू, संध्याकाळी मटकीची उसळ. मंगळवारी डब्याला पुन्हा आलूच, या वेळी कांदा-टमाटर घालून, आणि रात्री पाटवडीचा रस्सा. बुधवारी सकाळी डब्याला चटणी-पोळी, कारण दुपारनंतर नवी थैली येणार.

या आठवड्यात ताज्या भाजीशिवायच्या वेळा तीनपेक्षा जास्त झाल्या, कारण कोहळं बाजूला ठेवलं. ते मुद्दाम होतं.

दुसऱ्या थैलीत वांगी दोन किलो आली, त्यात भरताची मोठी चार-पाच. शिवाय फुलकोबी, पत्ताकोबीचा एक गड्डा, कांद्याची पात, शेपू. वांगी पहिल्या आठवड्यातही होतीच. मार्गशीर्षातली चंपाषष्ठी साधारण याच सुमारास येते, आणि चातुर्मासात वांगं सोडलेले लोक तिथून पुन्हा वांगं खातात. सासूबाईही त्यातल्याच, त्यामुळे घरातलं एक माणूस आधीच्या वांग्याला हात लावत नव्हतं, त्या दिवशी त्यांच्या ताटात झुणका होता. घरात कोण काय खात नाही ते महिन्याच्या कागदावर लिहायचं असतं ते यासाठी. भरताची वांगी त्या दिवसापर्यंत टोपलीत ठेवली आणि मागच्या सालच्या पऱ्हाट्यांच्या आगीवर भाजली. गॅसवरही होतं, पण वांग्याला आधी टोचे मारून एक-दोन लसणाच्या पाकळ्या आत खोचा. पूर्ण भाजलं ते कसं कळतं? देठाजवळ दाबल्यावर बोट आत जायला हवं, मधला भाग सगळ्यात आधी मऊ होतो आणि त्यावर विसंबलं तर देठाकडचा गर कच्चा राहतो.

उरलेली किलोभर छोटी वांगी एकाच आठवड्यात खायला लावली तर घरात कटकट होते. अर्धी मी कुटावर केली आणि अर्धी वाळवायला घातली, त्याबद्दल खाली. पत्ताकोबीचा गड्डा बाहेरची पानं न काढता तसाच ठेवला. तीच पानं आतल्या गड्ड्याला सांभाळतात. फुलकोबी शनिवारी डब्याला गेली, आधी मिठाच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवून, म्हणजे आतल्या अळ्या वर येतात. तिचे दांडे सोलून, बारीक करून त्याच रात्री रश्श्यात घातले.

तिसऱ्या आठवड्यात ढग आले, दोन दिवस रिमझिम झाली. थैली तीन किलोची आली: पालकाची एक जुडी, तीही ओली, दोडकी अर्धा किलो, थोडा मुळा, मिरची आणि टमाटर. वालाच्या शेंगा या आठवड्यात येतील असं गटाने सांगितलं होतं, पण फुलं गळली. अशा वेळी बाजारातही भाव चढलेले असतात, कारण पाऊस फक्त आपल्या गटाच्या वावरात पडलेला नसतो. म्हणून बाजाराकडे धावायचं नाही, ठेव मोडायची.

ओला पालक आधी पंख्याखाली कपड्यावर पसरला आणि त्याच रात्री डाळीत गेला. ओला पाला दुसऱ्या दिवसावर ढकलायचा नसतो, पानांच्या मधे बुळबुळीतपणा आला की संपलं. दोडकी चण्याच्या डाळीत, पत्ताकोबी अर्धी डब्याला आणि अर्धी रविवारी. मग कोहळं कापलं. अडीच किलोतून साल-बी वजा जाता दोन किलोच्या आत गर निघाला. सोमवारी डब्याला पाऊण किलोची कोरडी भाजी, मेथीदाण्याच्या फोडणीत. मंगळवारी रात्री चण्याच्या डाळीबरोबर पातळ. उरलेलं किसून, गुळात शिजवून, गार झाल्यावर त्यात कणीक मळून बुधवारी बोंडं तळली, डब्याला मुलांनी तीच नेली. म्हणजे तीन वेळा एका कोहळ्यावर निघाल्या, आणि कुणी तीच भाजी पुन्हा म्हणून तक्रार केली नाही, कारण एक तिखट, एक आंबट-गोड आणि एक गोड. मधल्या संध्याकाळी मुगवड्यांचा रस्सा झाला. मुगवड्या उन्हाळ्यात घातलेल्या असतातच.

चौथी थैली उलट्या टोकाची. ऊन पडलं आणि सगळं एकदम आलं: मेथीच्या चार जुड्या, तुरीच्या ओल्या शेंगा दीड किलो, गाजर, टमाटर दोन किलो, वांगी थोडी. तुरीच्या शेंगांचं वजन बघून हुरळून जाऊ नका. किलोभर शेंगा सोलल्या तर दाणे निम्म्याहूनही कमी भरतात. दीड किलोतून सोलेभात एकदा आणि सोले-वांग्याचा रस्सा एकदा, एवढंच. शेंगा सोलायला रात्री सगळ्यांना बसवा, एकटीने सोलल्या तर तास जातो. दाणे सोलून ठेवले की लवकर आंबतात, शेंगेतच दोन-तीन दिवस बरे राहतात, म्हणून करायच्या आदल्या रात्रीच सोला. फ्रीझरमध्ये वर्षभराची साठवण करायचा सल्ला मी गावात देणार नाही. भारनियमनात एकदा वितळून पुन्हा गोठलेले दाणे चवीला आणि पोटाला दोन्हीकडे वाईट.

जास्त झालेलं कसं सांभाळायचं

पाहिलंत तर जास्तीचा माल तीनच गोष्टींचा असतो: पाला, वांगी किंवा शेंगा, आणि टमाटर.

मेथीची पानं खुडा, धुवा, कपड्यावर झटकून पाणी काढा आणि सावलीत, वाऱ्याच्या जागी पसरा. उन्हात वाळवली तर रंग आणि वास दोन्ही जातात. दोन-तीन दिवसांत पान चुरगळताना आवाज यायला लागतो. चार जुड्यांतल्या दोन वाळवल्या तर छोटा डबाही भरत नाही, पण आळणाला आणि डाळीला दोन-तीन वेळा पुरते.

गवार किंवा बरबटी देठ काढून, मिठाच्या उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवून काढा, मग कडक उन्हात घाला. वांग्याच्या उभ्या फोडी मीठ-हळद लावून सरळ उन्हात. दोन्हींना चांगल्या उन्हाचे तीन-चार दिवस लागतात, रात्री आत आणायचं, नाहीतर दवाने पुन्हा ओलावतं. वाळलं ते हाताला समजतं: तुकडा वाकवला तर तुटायला हवा, वाकला आणि तुटला नाही तर आत ओल आहे. बरणीत भरल्यावर चार-पाच दिवसांनी काचेच्या आतल्या बाजूला बघा. वाफेसारखं धुकं धरलं असेल तर सगळं काढून पुन्हा एक दिवस उन्हात. बुरशीचा एक ठिपका जरी दिसला तरी पूर्ण बरणी जाते, वरचं काढून खालचं वाचवता येत नाही. ढगाळ आठवड्यात वाळवण घालूच नका, त्या मालाचं शिजवून संपवणं हाच उपाय.

टमाटरांचं मी फार काही करत नाही. किलोभर चिरून, मीठ घालून आटवते आणि फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत रश्श्यांमध्ये संपवते. बाहेर बाटलीत टिकवायच्या खटपटीत पडत नाही. उरलेले शेजारी जातात, आणि शेजारणीच्या परसातला शेवगा आपल्याकडे येतो. या देवाणघेवाणीला वहीत जागा ठेवा.

वही

वही म्हणजे मुलांची जुनी रेघोट्यांची वही. दर बुधवारी तीन गोष्टी लिहायच्या: काय आलं आणि किती, काय पुढच्या आठवड्यावर गेलं, काय फेकलं. पहिल्या दोनांवरून बेत लागतो, तिसऱ्यावरून थैलीवाल्यांशी बोलता येतं. महिन्यात दोनदा शेपू फेकला गेला असेल तर "शेपू नको, त्याऐवजी कोणताही पाला चालेल" असं आधीच सांगा. बहुतेक गट अशी एक-दोन नावं मान्य करतात. दहा नावं सांगाल तर मात्र ते बाजारातून आणून भरतील, मग थैली घेण्यात अर्थ राहिला नाही. सलग तीन आठवडे काहीतरी फेकावं लागत असेल तर थैली मोठी आहे. अर्धी थैली मागा, किंवा जावेबरोबर वाटून घ्या.

हा सगळा हिशेब हिवाळ्याचा आहे. एप्रिल-मे मध्ये पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की दोन-तीन दिवसांचा ढीग एका दिवसाचा होतो, वांगी टोपलीत सुकतात आणि थैलीत कैरी, कांदे, ढेमसी, काकडी याखेरीज फारसं येत नाही. त्या दोन महिन्यांत ताज्या भाजीच्या वेळा अकरावरून सहा-सातवर आणा, थैली पंधरवड्याने मागा आणि हिवाळ्यात भरलेल्या बरण्या तेव्हा उघडा.